चाकोऱ्या ब्लॉकमुळे पडत नाहीत

गेटपासून गॅरेजपर्यंतच्या आमच्या पेव्हर ब्लॉकच्या ड्राइव्हवेवर दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. 3 मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी टाकली की चाकांच्या जागी तिच्याखाली 35 मिमीची फट दिसायची. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी त्या दोन पट्ट्यांत पाणी साचून राहायचं. कडेची ओळ बाहेर सरकली होती आणि गेटजवळ, जिथे गाडी वळते तिथे, दोन ब्लॉकमधल्या फटीत बोट जाईल इतकी जागा झाली होती. पाहणारा प्रत्येक जण म्हणायचा की ब्लॉक हलक्या दर्जाचे निघाले. पण ब्लॉक उचलून पाहिले तर एकही तुटलेला नव्हता आणि 80 मिमी जाडीचे ते ब्लॉक गाडीसाठी पुरेसे होते. झिजल्याची खूणही नव्हती. म्हणून ते धुऊन रचून ठेवले आणि खाली खोदायला घेतलं.

खालचं दृश्य मात्र बोलकं होतं. ब्लॉकखाली वाळूऐवजी खडी फोडताना निघणारी बारीक भुकटी होती. ती ओली होऊन चिखलासारखी झालेली. तिची जाडी कुठे 20 मिमी तर कुठे 70 मिमी, म्हणजे खालच्या थरातले खड्डे तिनेच भरून काढले होते. त्याखालचा खडीचा थर वरून टणक वाटत होता, पण मिस्त्रींनी पहार मारली तेव्हा पहिला चार बोटांचा भाग अडला आणि मग पहार सहज आत गेली. कडेला आधार म्हणून सिमेंट-वाळूचा एक पातळ पट्टा होता. तो त्या भुकटीवरच ओतलेला असल्याने तुकडे होऊन सुटला होता.

"वरचं सगळं चांगलं आहे, खालचं काहीच नाही," मिस्त्री म्हणाले. आधी ज्यांनी हे काम केलं होतं त्यांनी मेहनत कमी केली असं मला वाटत नाही. एवढी खडी आणि एवढी भुकटी काही फुकट पडत नाही. फक्त ती चुकीच्या रीतीने पडली होती.

पुन्हा काम करायचं तर आधी हिशेब मांडला. ड्राइव्हवे 9 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद, म्हणजे 27 चौरस मीटर. दाबून झालेला खडीचा थर 150 मिमी, त्यावर दाबल्यावर 20 मिमी उरणारी वाळू आणि 80 मिमीचा ब्लॉक, मिळून 250 मिमी. एवढी खोली तयार पृष्ठभागापासून खाली हवी. खडीचा थर मात्र ब्लॉकच्या रुंदीइतकाच करून चालत नाही. कडेचा आधार त्याच थरावर उभा राहायचा असतो, म्हणून दोन्ही बाजूंना 250 मिमी जास्त धरून रुंदी 3.5 मीटर केली. त्याचे दाबून झालेले घनमाप 4.7 घनमीटर येतं. सुटी खडी दाबल्यावर साधारण पाचवा हिस्सा बसते, त्यामुळे मागवली 6 घनमीटर. ही मापं खोदण्याआधीच कागदावर असलेली बरी, कारण खडी मध्येच संपली की लोक थर पातळ करतात.

उतार 2 टक्के ठेवला. 9 मीटरला 180 मिमी, गॅरेजकडून गेटकडे. पाण्याच्या नळीने खुंट्यांवर खुणा केल्या आणि दोऱ्या ताणल्या. हा उतार खोदलेल्या तळापासूनच द्यायचा, म्हणजे वरचा प्रत्येक थर सगळीकडे सारख्या जाडीचा राहतो. उतार वाळूत काढायचा म्हटलं की वरच्या टोकाला वाळू जाड आणि खालच्या टोकाला पातळ होते, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं.

तळाची माती चिकण होती. गेटजवळ एक जागा अशी लागली की टाच दाबली तर खूण उमटायची. तिथे आणखी 100 मिमी खोदून ती खडीनेच भरली आणि दाबली. मग संपूर्ण तळावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं, जोडाला एकावर एक 300 मिमी घेऊन. चिकण माती ओली झाली आणि वरून वजन आलं की ती खडीच्या पोकळ्यांत वर चढते आणि खडी खाली मातीत रुतते. कापड पाणी जाऊ देतं आणि या दोघींना वेगळं ठेवतं. खडकाळ, टणक जमिनीवर ते नसलं तरी चालतं. चिकण मातीवर मी ते वगळणार नाही.

खडी एका मापाची नको. 40 मिमीपासून अगदी बारीक कचापर्यंत सगळ्या मापांची मिसळलेली हवी, म्हणजे मोठ्या दगडांमधल्या जागा लहान दगड भरतात आणि दाबल्यावर थर एकजीव होतो. आम्ही ती एकदम न टाकता दोन थरांत टाकली. प्रत्येक थर सुटा असताना 95 मिमीच्या आसपास, दाबल्यावर 75 मिमी. आमच्याकडे भाड्याने आणलेला प्लेट कॉम्पॅक्टर साधारण 90 किलोचा होता. असं यंत्र जाड थराचा फक्त वरचा भाग घट्ट करतं. त्याचा जोर खालपर्यंत पोचत नाही आणि वर तयार झालेला टणक पापुद्रा खालचा पोकळपणा झाकून टाकतो. पहार आधी अडली आणि मग आत गेली ती याच कारणाने. मोठा रोलर असेल तर थर जाड घेता येतो, पण घरच्या ड्राइव्हवेत रोलर वळणार कुठे?

खडीतल्या ओलाव्याकडे लोक फारसं बघत नाहीत आणि अर्धी मेहनत तिथेच वाया जाते. कोरडी खडी दाबली की दाणे एकमेकांवर घासत राहतात, जागा बदलत नाहीत आणि धूळ उडते. फार ओली असेल तर पोकळीतलं पाणीच यंत्राचा मार घेतं आणि थर गादीसारखा हलतो. मूठभर बारीक भाग हातात घट्ट दाबला तर गोळा टिकावा, पण बोटांमधून पाणी येऊ नये. इतका ओलावा ठरवून आम्ही झारीने पाणी मारलं, थोडं मुरू दिलं आणि मग यंत्र फिरवलं. सुरुवात कडांपासून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली, आणि पुढची पूर्ण फेरी आडव्या दिशेने.

किती फेऱ्या मारायच्या याचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो यंत्रावर आणि खडीवर ठरतो. आम्ही दोरीपासून थरापर्यंतचं अंतर ठरावीक जागी मोजत गेलो. पहिल्या फेऱ्यांमध्ये ते भराभर वाढतं, मग हळू, आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांत फरक दिसेनासा झाला की तो थर झाला. कानालाही कळतं: सुरुवातीचा दबका आवाज जाऊन कडक खणखणीत आवाज येतो आणि यंत्र उड्या मारायला लागतं. शेवटी भरलेली हातगाडी सगळ्या थरावरून ढकलून पाहिली. चाकाखाली थर लवताना दिसला तर तिथे खाली मऊ आहे असं समजायचं आणि उकरायचं.

आता येतो तो टप्पा ज्याच्यावर आमचा जुना ड्राइव्हवे गेला. खडीचा थर पूर्ण झाल्यावर त्यावर 3 मीटरची पट्टी उभी, आडवी, तिरकी फिरवली. तिच्याखाली 10 मिमीपेक्षा मोठी फट कुठेही चालणार नाही असं ठरवलं होतं. गॅरेजजवळ एका जागी 22 मिमीची फट निघाली.

"एवढं वाळूत जाईल," मदतीला आलेला मुलगा म्हणाला. ते खरंही वाटतं, कारण वाळू ओढल्यावर वरून सगळं सपाटच दिसतं. पण सुटी वाळू दाबली की साधारण पाचवा हिस्सा खाली जाते. 25 मिमी असेल तर 5 मिमी, आणि त्या खोलगट जागी 47 मिमी असेल तर 9 मिमीहून जास्त. म्हणजे पहिल्याच दिवशी तिथे 4 मिमीचा खड्डा, आणि पुढे गाडीखाली जाड थरातली वाळू आणखी बसत राहणार तो वेगळा. खालचा खड्डा वाळू लपवते आणि मग हळूहळू वर पाठवते. म्हणून तो भाग कुदळीने वरवर उकरला, त्यात तशीच मिश्र पण बारीक मापाची खडी मिसळली, पाणी मारून पुन्हा दाबला. नुसती बारीक खडी वरून पसरून दाबली असती तर तिचा पापुद्रा सुटला असता.

कडेचा आधार आम्ही ब्लॉक लावण्याआधी दोन्ही बाजूंना आणि गेटच्या टोकाला पूर्ण केला. गॅरेजकडे जोत्याचं काँक्रीट होतंच. रुंदी ठरवायला एक ओळ कोरडी मांडून पाहिली, फटींसकट, म्हणजे कडेला निष्कारण चिंधी तुकडे येऊ नयेत. मग दाबलेल्या खडीत कडेने 75 मिमी खोल चर काढला, त्यात काँक्रीट भरलं, ते ओलं असतानाच 100 मिमी उंचीचे कडेचे ठोकळे, म्हणजे कर्ब, बसवले आणि बाहेरच्या बाजूने त्याच काँक्रीटचा उतरता टेकू दिला. टेकू कर्बच्या अर्ध्या उंचीच्या वर गेलाच पाहिजे. ब्लॉकवर चाक फिरतं, ब्रेक लागतो, तेव्हा जोर आडवा येतो आणि तो ब्लॉकमागून ब्लॉक असा थेट कडेपर्यंत पोचतो. तो अडवणारा कर्ब वाळूवर उभा असेल तर त्याच्या पायाखालची वाळूच सरकते.

खिळ्यांनी ठोकायच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही मिळतात. त्या खडीच्या थरावर ठोकल्या आणि खिळे जवळजवळ असले तर हलक्या गाडीला पुरतात. आमच्याकडे गेटजवळचं वळण असल्याने मी काँक्रीटच धरलं.

कर्बमधल्या सांध्यांतून वाळू वाहून जाऊ शकते हे मिस्त्रींना सांगावं लागलं नाही. त्यांनी उरलेल्या कापडाच्या पट्ट्या कापून कर्बच्या आतल्या अंगाला उभ्या लावल्या. गेटच्या टोकाला, सगळ्यात खालच्या जागी, कर्बखालच्या काँक्रीटमध्ये खडीच्या पातळीवर पाणी जायला छोटी भोकं ठेवली आणि त्यांवरही कापड लावलं. फटींतून थोडं पाणी नेहमीच खाली झिरपतं. घट्ट दाबलेल्या खडीवरून ते उताराने खाली येतं आणि तिथे कर्ब आडवा आला की वाळूत तुंबतं. वाटच नसली तर खालच्या टोकाची वाळू कायम ओली राहते. काँक्रीट कडक व्हायला पुरेसे दिवस दिले. ओल्या कडेशेजारी प्लेट चालवली की टेकू फुटतो.

वाळू निवडताना दोन नमुने बाटल्यांत घेतले, पाणी घालून जोरात हलवून ठेवून दिले. जुन्या भुकटीच्या बाटलीत वाळूवर चिखलाचा जाड थर बसला आणि वरचं पाणी बराच वेळ गढूळ राहिलं. धुतलेल्या जाड वाळूच्या बाटलीत कागदाइतका पातळ थर होता. ब्लॉकखाली हवी असते ती काँक्रीटसाठी वापरतात तशी जाड, टोकदार दाण्यांची धुतलेली वाळू. तिच्यातून पाणी निघून जातं आणि दाणे एकमेकांत अडकतात. भुकटी सुकलेली असताना छान घट्ट बसते, म्हणूनच ती वापरायचा मोह होतो. पण तिच्यातले अतिबारीक कण पाणी धरून ठेवतात, आणि प्रत्येक चाकाखाली तो चिखल थोडाथोडा फटीतून वर किंवा कडेबाहेर ढकलला जातो. आमच्या चाकोऱ्या तशाच झाल्या होत्या.

वाळू ओढायची रीत सोपी आहे. बाहेरून 25 मिमी जाडीचे दोन पाइप खडीवर समांतर ठेवायचे, मध्ये वाळू टाकायची आणि पाइपांवरून पट्टी ओढायची. मग पाइप उचलायचे आणि राहिलेल्या खाचा थापीने वाळू घालून अलगद भरायच्या. वाळू या वेळी दाबायची नाही. ती सुटीच राहिली पाहिजे, म्हणजे वरून ब्लॉकवर यंत्र फिरलं की ती थोडी फटींमध्ये खालून वर चढते आणि ब्लॉकना बुडातून पकडते. म्हणून ओढलेल्या वाळूवर पाय पडला की तेवढा भाग उकरून पुन्हा ओढायचा. वाळू सारखी दमट हवी, ढीग झाकून ठेवलेला बरा. आणि तासाभरात ब्लॉकने झाकता येईल तेवढीच वाळू ओढायची.

मांडणी बदलली हा माझा आग्रह होता. जुनी मांडणी विटांच्या भिंतीसारखी, आणि तिच्या लांब सरळ फटी गाडीच्या दिशेने धावत होत्या. ब्रेक लागला की एक अख्खी ओळ शेजारच्या ओळीवरून घसरायला मोकळी. हेरिंगबोन मांडणीत 200 बाय 100 मिमीचे ब्लॉक एकमेकांना काटकोनात येतात आणि एकही फट दोन-तीन ब्लॉकपुढे सरळ जात नाही, त्यामुळे जोर सगळीकडे वाटला जातो. तुकडे जास्त कापावे लागतात. एक चौरस मीटरला 50 या हिशेबाने 1350 ब्लॉक लागत होते. जुने ब्लॉक कापकुटीत थोडे कमी पडणार म्हणून तसेच 80 नवे आणले आणि जुन्यात मिसळून वापरले.

सुरुवात खालच्या टोकाच्या कोपऱ्यातून. गुण्या लावून काटकोन पक्का केला, दोन दोऱ्या ताणल्या आणि आम्ही मांडलेल्या ब्लॉकवरच उभे राहून पुढे सरकत गेलो. ब्लॉक वाळूत दाबून किंवा ठोकून बसवायचा नाही, शेजारच्याला टेकवून सरळ खाली सोडायचा. ब्लॉकच्या अंगावरच्या बारीक उंचवट्यांमुळे 3 मिमीची फट आपोआप राहते. कर्बलगत आम्ही अख्ख्या ब्लॉकची एक ओळ घेतली आणि कापलेले तुकडे तिच्या आत ठेवले. ब्लॉकच्या एक-तृतीयांशापेक्षा लहान तुकडा वापरायचा नाही. तशी जागा आली तर शेजारचा ब्लॉकही कापून दोन बरे तुकडे करायचे. मांडून झाल्यावर ब्लॉक कर्बपेक्षा 8 मिमी वर दिसत होते, आणि ते तसेच हवे होते.

प्लेटखाली रबरी गादी लावून पहिल्या फेऱ्या फटींत वाळू न घालताच मारल्या. 8 मिमीचे 3 मिमी राहिले. ही शेवटची 3 मिमी मुद्दाम ठेवली होती, म्हणजे पाणी कर्बवरून निघून जातं. काही ब्लॉकचे कोपरे यंत्राखाली उडाले, ते लगेच बदलले. फटींत वाळू बसल्यावर ब्लॉक काढणं फार कटकटीचं होतं.

फटींची वाळू वेगळी. बारीक, चाळलेली आणि पूर्ण कोरडी. लागते किती, याचाही अंदाज करता येतो. या मापाच्या ब्लॉकमध्ये चौरस मीटरला सुमारे 15 मीटर लांबीची फट येते. 3 मिमी रुंद आणि खालून वाळू चढल्यावर उरलेली साधारण 60 मिमी खोल धरली तर चौरस मीटरला 2.7 लिटर. सगळ्याची मिळून 73 लिटर. झाडताना सांडते म्हणून 100 लिटरची तयारी ठेवली. झाडूने तिरकं झाडायचं, यंत्र फिरवायचं, वाळू खाली बसते, पुन्हा झाडायचं. दोन फेऱ्यांत फटी भरल्यासारख्या दिसतात आणि बहुतेक काम तिथेच थांबतं. आम्ही पातळ लोखंडी पट्टी फटींत घालून पाहत होतो. ती 5-6 मिमीवर अडली तर फट भरली. अचानक खाली गेली तर वाळूने वरच पूल बांधलाय आणि खाली पोकळ आहे. दमट वाळूत हे हमखास होतं. रात्री हलका शिडकावा झाला तेव्हा आम्ही पुढचा अर्धा दिवस नुसतं ऊन खाऊ दिलं.

पाण्याने घट्ट होणारी पॉलिमर मिसळलेली वाळू घ्यावी का, हा विचार झाला होता. ती गवत आणि मुंग्यांना बऱ्यापैकी आवरते. पण ब्लॉकवर तिची पावडर राहून पाणी लागलं तर पांढरट डाग पडतो आणि तो निघता निघत नाही. शिवाय सैल कडा किंवा मऊ थर ती सावरत नाही. आम्ही साधीच वापरली.

गाडी नव्या ब्लॉकवर लगेच आणता आली, कारण कडेचं काँक्रीट आधीच कडक झालं होतं. पुढचे काही आठवडे फटींतली वाळू थोडी खाली गेली, तेव्हा उरलेल्या वाळूतून ती ब्लॉकच्या उतरत्या कडेच्या किंचित खालीपर्यंत पुन्हा भरली. जोराच्या पाण्याचा पाइप सध्या फटींवर मारू देत नाही. सगळ्यावर पट्टी फिरवली तर गेटजवळ एकच ब्लॉक 4 मिमी खाली निघाला. दोन पातळ चपट्या पट्ट्या दोन्ही टोकांच्या फटींत घालून तो डुलवत वर काढला, खाली मूठभर जाड वाळू पसरली, ब्लॉक परत सोडला, लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने शेजाऱ्यांच्या पातळीत आणला आणि त्याच्या चारही फटी भरल्या.